शिक्षक वर्गाबाहेर गेल्यावर

संपादक महोदय,

डस्टर आपटून ‘गप्प बसा!’ ओरडणाऱ्या शिक्षकांपुढे मुलं चिडीचूप असतात. शिक्षक बाहेर पडले, की मॉनिटर तेच डस्टर तसंच आपटतो. हे मी कितीदा पाहिलंय!

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६५च्या प्रयोगात मुलांनी चित्रफितीत एक मोठा माणूस बाहुलीला मारताना पाहिला. त्याला शिक्षा झालेली पाहणाऱ्या मुलांनी नक्कल कमी केली. पण बक्षीस देऊ केल्यावर त्यांनीही इतरांइतक्याच कृती करून दाखवल्या. शिकणं आधीच झालं होतं, फक्त दिसलं नव्हतं. म्हणून शांत वर्गावरून काहीच ठरवू नये.

‘थांबा, माझा हातचा राहिला’ म्हणत फळ्यावरची चूक पुसणाऱ्या बाईंकडूनही मुलं असंच शिकतात. पुढे कधीतरी एखादं मूल न लपवता स्वतःचं गणित खोडून पुन्हा मांडतं.

– एक शिक्षिका, सातारा