एकात एक अडकलेले पेले

प्रिय मित्रा,

रात्रीचे साडेबारा वाजून गेलेत. हात अजून ओलसर आहेत, कागदावर डाग पडला तर समजून घे. पण आजचं तुला सांगितल्याशिवाय झोप यायची नाही.

संध्याकाळी आमचं बिनसलं. आवाज कुणाचाच चढला नाही. चार माणसांत मी तिला न विचारता 'हो, आम्ही दोघं येतो' असं सांगून मोकळा झालो आणि ती गप्प झाली. घरी आल्यावर 'हं' आणि 'नको', एवढंच. असला अबोला मला कडाक्याच्या भांडणापेक्षा जड जातो, तुला माहीतच आहे.

झोपायच्या आधी भांडी उरली होती. ती घासायला लागली, मी विसळायला उभा राहिलो. बराच वेळ नुसता नळाचा आवाज. मग स्टीलचे दोन पेले एकात एक घट्ट बसलेले हाताला लागले. मी पिरगाळून ओढायला लागलो.

"ओढू नकोस, कड वाकेल."

चार तासांतलं तिचं पहिलं अख्खं वाक्य.

"मग काय करू?"

"आतल्यात गार पाणी भर, बाहेरचा गरम पाण्यात धर. बाहेरचा फुगतो, आतला आखडतो."

पातेल्यात हाताला सोसेल इतपत गरम पाणी घेतलं, आत फ्रीजमधलं गार पाणी ओतलं आणि पेले धरून उभा राहिलो. तिचेही हात थांबले.

"मला जायचंच नव्हतं असं नाही," ती पातेल्याकडे बघत म्हणाली.

"मग?"

"माझं उत्तर तू देऊन टाकलंस. सगळ्यांसमोर मी नाही म्हटलं असतं, तर वाईट मीच ठरले असते."

मित्रा, हे मला खरंच दिसलं नव्हतं. मी आपला संध्याकाळभर 'जाण्यात वाईट काय' याचीच उत्तरं मनात जुळवत होतो.

"चुकलं माझं. उद्या फोन करून सांगतो, अजून नक्की नाही म्हणून."

"आणि कारण? 'बायको नको म्हणते'?"

"नाही. 'मी तिला न विचारता बोललो.'"

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पेला फिरवला, तो ढिम्म.

"फार वेळ ठेवलास. आतलं पाणीही कोमट झालं. आता दोन्ही सारखेच तापलेत, कसे सुटतील?"

पुन्हा गार पाणी भरलं. या वेळी अर्ध्याएक मिनिटात तिनं बाहेरचा पेला फडक्यानं धरला, मी आतला हळूच फिरवून वर खेचला. टक्! सुटला, आणि आतलं गार पाणी थेट तिच्या तोंडावर.

मी श्वास रोखून उभा. हनुवटीवरून थेंब ओघळत होते. तिनं ते मनगटानं पुसले.

"हे तरी विचारून करायचंस!" ती म्हणाली, आणि खुदकन हसली.

तुझाच,
मी