नव्या सभागृहाच्या पायाबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
आपली गृहनिर्माण सोसायटी

विषय : काळ्या मातीतल्या सभागृहाच्या पायाचा आराखडा बदलण्याची विनंती

सप्रेम नमस्कार,

सभागृहाचा नकाशा सूचनाफलकावर लागला तो मी पाहिला. दीड मीटर खोल खोदून तळाला वाळू भरायची आणि त्यावर दीड मीटर रुंदीचा सलग पाया घ्यायचा, असं त्यात दाखवलं आहे. ‘माती काळी आहे म्हणून पाया रुंद घेतलाय,’ असं मला सांगण्यात आलं. चौदा वर्षांपूर्वी माझ्या बंगल्याच्या वेळी मीही असाच विचार केला आणि असाच पाया घेतला. म्हणून हे पत्र.

माझ्या पुढच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर जाते. तिच्या दोन्ही बाजूंना मी पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या आहेत. मे महिन्यात भेगेत जाड पुठ्ठा सहज शिरतो, गणपती येईपर्यंत साधी पट्टीही जात नाही. त्याच सुमारास मागचं दार चौकटीत अडकायला लागतं. घर खचत असतं तर भेग दरवर्षी वाढतच गेली असती. ही उघडते आणि मिटते, म्हणजे खालची माती वर्षातून एकदा घर उचलते आणि एकदा खाली सोडते. म्हणूनच सिमेंट भरून ती बुजत नाही. मी तीनदा भरलं, तिन्ही वेळा पुढच्या उन्हाळ्यात भेग शेजारून निघाली.

आपल्याकडची काळी माती बेसाल्ट खडक कुजून झाली आहे. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. कोरडी माती भिजली की चौरस मीटरला १० ते २० टनांचा रेटा सहज देते. आता सभागृहाचं वजन पाहा. इमारत १२ मीटर बाय ८ मीटर, एकमजली. भिंत, स्लॅब, जोतं धरून भिंतीच्या दर मीटरला माझ्या हिशेबाने साधारण ४ टन येतात. पाया एक मीटर रुंद असेल तर मातीवर चौरस मीटरला ४ टनांचा दाब पडेल. तो दीड मीटर केला की दाब पावणेतीन टनांवर येईल. खालून दहा टनांचा रेटा येणार असताना आपण वरचा दाब आणखी हलका करतो आहोत. इमारत खचण्याची भीती असेल तिथे रुंद पाया उपयोगी पडतो. इथे इमारत उचलली जाण्याची भीती आहे आणि हलकी एकमजली इमारत सगळ्यात आधी उचलली जाते.

वाळूबद्दलही माझा स्पष्ट विरोध आहे. काळ्या मातीतून पाणी झिरपून जात नाही. तिच्यात वाळूचा चर भरला की पावसाचं सगळं पाणी त्या चरात उतरतं आणि पायाखाली साठून राहतं. नेमकी जिथे माती कोरडी राहायला हवी तिथेच आपण तिला पाणी पाजतो. माझ्या घरी मागच्या बाजूला हेच घडलं, हे ड्रेनेजसाठी खोदलं तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

खरा उपाय म्हणजे इमारतीचं वजन, ऋतूंप्रमाणे जिची ओल बदलत नाही अशा थरावर नेणं. त्याचे दोन मार्ग आहेत. दीड-दोन मीटरवर कडक मुरूम लागला तर काळी माती काढून मुरुमावरच फुटिंग घ्यावं. यापेक्षा सोपं काही नाही. पण आपल्या पाण्याच्या टाकीसाठी खोदकाम झालं तेव्हा जवळजवळ तीन मीटरपर्यंत काळी मातीच निघाली होती. तेवढं उघडं खोदलं तर कडा ढासळतात. म्हणून मी अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवलेले काँक्रीटचे जमिनीतले खांब, सुचवतो. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने भारतात रुजवली आणि तिच्यासाठी आयएस २९११ भाग ३ हे मानक आहे.

३०० मिलिमीटर व्यासाचं भोक ऑगर या गिरमिटासारख्या हत्याराने साडेतीन मीटर खोल घ्यायचं. तळाशी रीमरने ते ७५० मिलिमीटरपर्यंत पोखरून फुगा करायचा, मग गजांचा पिंजरा सोडून काँक्रीट भरायचं. त्या खोलीवर ओल फारशी बदलत नाही, त्यामुळे वरची माती पाइलला धरून वर ओढू लागली तरी खालचा फुगा त्याला जागेवर रोखून धरतो. चारही कोपऱ्यांवर एकेक पाइल आणि मधलं अंतर तीन मीटरच्या आत ठेवलं तर घेराला १४ पाइल पुरतात. एकूण सुमारे १६० टन वजन विभागून प्रत्येकावर साडेअकरा टन येतं. या आकाराच्या पाइलला ते जड नाही, तरी अंतिम आकडे स्ट्रक्चरल इंजिनियरकडून घ्यावेत.

काम बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे फुगा न करताच काँक्रीट भरलं जातं आणि वरून काहीच कळत नाही. ‘एल’ आकारात वाकवलेला गज भोकात सोडून फिरवला की तळाशी जागा रुंदावली आहे की नाही ते हाताला लागतं. प्रत्येक भोकाला हे करावं आणि त्याच दिवशी काँक्रीट भरावं. दुसरी चूक पाइलच्या डोक्यांवरच्या बीमची. तो नेहमीसारखा मातीवर टेकवून ओतला तर पावसाळ्यात माती बीमलाच वर ढकलते आणि पाइलचा खर्च वाया जातो. बीमखाली किमान ८० मिलिमीटर मोकळी पोकळी हवी आणि बाजूची माती आत पडू नये म्हणून कडेला उभ्या विटा हव्यात. आराखड्यात ही पोकळी रेखाटून आणि मापासकट लिहून घ्यावी, तोंडी सांगितलेलं साइटवर राहत नाही.

भिंती स्थिर झाल्या तरी फरशी मातीवरच असते आणि मध्यभागी फुगून वर येते. म्हणून आतली एक मीटर काळी माती काढून, न फुगणारा पण चिकटपणा असलेला मुरूम १५० मिलिमीटरच्या थरांनी पाणी मारून दाबावा. अशा थराने फुगण्याला आळा बसतो, हे आयआयटी मुंबईचे डॉ. आर. के. कट्टी यांनी दाखवलं. इथेही वाळू चालणार नाही. फरशी भिंतीला घट्ट जोडू नये. बाहेरून दीड मीटर रुंदीचा, उतार दिलेला काँक्रीटचा पट्टा हवा आणि कडुनिंबाची नियोजित रांग भिंतीपासून लांब न्यावी, कारण मुळं उन्हाळ्यात एकाच बाजूची ओल शोषतात.

टेंडर काढण्याआधी सभागृहाच्या दोन कोपऱ्यांत साडेतीन मीटरचे चाचणी खड्डे ऑगरनेच घ्यावेत. त्यातली माती वाळवून चाळून प्रत्येकी १० ग्रॅम दोन मोजनळ्यांत घालायची, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. २४ तासांनी दोन्हींची उंची वाचायची. मागच्या महिन्यात माझ्या अंगणातल्या मातीवर मी हे केलं. रॉकेलमध्ये ११ मिलिलिटर, पाण्यात २३. म्हणजे १२ भागिले ११, फुगवटा १०९ टक्के. आयएस १४९८ प्रमाणे १०० च्या वर म्हणजे फार फुगणारी माती. सभागृहाची जागा माझ्या कुंपणापासून चाळीस पावलांवर आहे.

मोजनळ्या माझ्याकडे आहेत. खड्डे कोणत्या दिवशी घेणार ते कळवावं, मी सकाळपासून हजर राहीन. तोवर सध्याच्या आराखड्यावर कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देऊ नये, ही विनंती.

आपला,
पूर्व बाजूचा एक रहिवासी सभासद