वडिलांचे शेअर्स नावावर करायला सहा महिने, आणि आता तुम्हीच म्हणता लिमिट ओलांडली

दि. २ जुलै २०२५

प्रति,
कंपनी सेक्रेटरी आणि कम्प्लायन्स ऑफिसर

विषय : मयत शेअरहोल्डरचे २४० फिजिकल शेअर्स वारसाच्या नावावर न केल्याबद्दल तक्रार

सर/मॅडम,

माझे वडील ११ नोव्हेंबर २०२४ ला गेले. तुमच्या कंपनीचे २४० शेअर्स त्यांच्या एकट्याच्या नावावर होते, कागदी सर्टिफिकेट, नॉमिनी लावलेला नाही. हे शेअर्स आईच्या नावावर करायचेत, एवढंच काम आहे, आणि त्यासाठी मी तुमच्या रजिस्ट्रारकडे जानेवारीपासून चकरा मारतेय.

आधी सांगते की ही प्रोसेस मला माहीत नाही असं नाहीये. वडिलांचे दुसऱ्या एका कंपनीतही शेअर्स होते, तिथे त्यांनी एसएच-१३ फॉर्म भरून आईला नॉमिनी केलं होतं. तिथे आयएसआर-५ फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि आईचं पॅन कार्ड, बाकी आईचं केवायसी, एवढ्यावर काम झालं. अर्थात नॉमिनी म्हणजे मालक नाही हेही आम्हाला माहीत आहे, डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने साळगांवकर कुटुंबाच्या केसमध्ये ते स्पष्टच केलंय, नॉमिनीच्या नावावर शेअर्स आले तरी वारसांचा हक्क जात नाही. पण निदान कंपनीचं काम तरी अडत नाही. तुमच्याकडे नॉमिनी नव्हता म्हणून आम्ही वारसांची सगळी कागदपत्रं केली, आणि ती नीट केली.

सेबीच्या नियमात फिजिकल शेअर्सची किंमत एका कंपनीत ५ लाखापर्यंत असेल तर कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट लागत नाही. सगळ्या वारसांचं नोटराइज्ड अ‍ॅफिडेव्हिट, ज्याच्या नावावर शेअर्स जाणार त्याचा इंडेम्निटी बाँड आणि बाकीच्या वारसांची एनओसी, एवढं पुरतं. तुमच्या हेल्पलाइनवरच्या माणसाने मला सांगितलं की बायको आणि मुलांच्या सह्या घ्या, झालं. मी वकिलांना विचारलं तर ते म्हणाले थांबा, आजी आहे ना? हिंदू वारसा कायद्यात मुलगा वारला तर त्याची आई पण पहिल्या वर्गातली वारस असते, बायको आणि मुलांच्या बरोबरीने. म्हणजे वारस चार, आई, आजी, मी आणि माझा भाऊ. आजी तेव्हा ८९ वर्षांची, अंथरुणावर. नोटरीला घरी बोलावून तिचा अंगठा घेतला, दोन साक्षीदार उभे केले. मुलगा जाऊन दोन महिने झालेले आणि त्या माऊलीकडून आम्ही ५०० च्या स्टॅम्प पेपरवर अंगठे घेत होतो, हे मी विसरू शकत नाही. पण कागद पक्का पाहिजे म्हणून केलं.

हा सगळा सेट, ओरिजिनल शेअर सर्टिफिकेट आणि आईच्या डिमॅट अकाउंटच्या क्लायंट मास्टर लिस्टसकट, तुमच्या रजिस्ट्रारला २३ जानेवारीला मिळाला, स्पीड पोस्टची पोच माझ्याकडे आहे. त्या दिवशी भाव १,६१० होता, म्हणजे २४० शेअर्सचे ३,८६,४०० रुपये. ५ लाखाच्या चांगलेच आत.

नियमाने कागदपत्रं मिळाल्यापासून २१ दिवसांत काम व्हायला पाहिजे होतं. पहिलं उत्तर आलं ते २८ फेब्रुवारीला, ३६ दिवसांनी, की सक्सेशन सर्टिफिकेट जोडा. का जोडा? ते लिहिलं नव्हतं. मी लगेच उत्तर दिलं की किंमत लिमिटच्या आत आहे, गरज नाही. मग ९ एप्रिलला दुसरं पत्र, आता सक्सेशनचं नाव नाही, आता म्हणे सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव इनिशिअलने आहे आणि मृत्यूच्या दाखल्यावर पूर्ण, त्यामुळे दोघं एकच व्यक्ती असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट द्या. ठीक, हा आक्षेप बरोबर आहे, मी मान्य करते, आणि आठ दिवसांत पाठवलं. पण हा फरक तर २३ जानेवारीलाच दिसत होता ना, दोन्ही कागद एकाच पाकिटात होते. सेबीने रजिस्ट्रारना सांगितलंय की सगळे आक्षेप एकाच वेळी काढा. मग एकेक करून का?

आणि आता १७ जूनचं तिसरं पत्र. त्यात दोन गोष्टी आहेत, आणि ही तक्रार खरं तर त्यासाठीच आहे.

पहिली, भाव आता २,१२० झालाय, किंमत ५,०८,८०० होते, लिमिट ओलांडली, म्हणून सक्सेशन सर्टिफिकेट लागेल. अहो, किंमत अर्जाच्या तारखेची धरायची असते, तुम्ही फाइल उघडाल त्या तारखेची नाही! लिस्टिंग रेग्युलेशनच्या शेड्यूल सातमध्ये हे लिहिलंय. नाहीतर कुठलाही रजिस्ट्रार भाव वाढेपर्यंत कागद दाबून ठेवेल आणि वारसांना कोर्टात पाठवेल. ८,८०० रुपयांच्या फरकासाठी आईने दिवाणी कोर्टात अर्ज करायचा, पेपरात नोटीस द्यायची, कोर्ट फी आणि वकिलाची फी भरायची, तेही तुमच्याच उशिरामुळे. आणि एक सांगते, ही ५ लाखाची मर्यादा कंपनी स्वतःच्या अधिकारात वाढवू पण शकते, नियमातच तशी मुभा आहे. म्हणजे करायचं असतं तर रस्ता तेव्हाही होता आणि आजही आहे.

दुसरी, जानेवारीचे अ‍ॅफिडेव्हिट आणि एनओसी जुने झाले, नवीन आणा. आजी ३ मे ला गेली. तिच्याकडून नवीन एनओसी कुठून आणू? नव्याने करायचं म्हटलं तर तिचा हिस्सा आता तिच्या वारसांकडे जाईल, म्हणजे माझ्या दोन आत्या आणि काका आणि वडिलांच्या जागी आम्ही भावंडं, त्यातली एक आत्या दुबईला. जे काम चार जणांच्या सह्यांत पूर्ण झालं होतं ते आता सहा जणांचं होतं, आणि आत्याला तिथल्या भारतीय कॉन्सुलेटमधून कागद करून पाठवावा लागेल. आजीने जिवंत असताना, शुद्धीत, नोटरीसमोर दिलेली एनओसी तुमच्याकडे पडून आहे. ती तेव्हा वापरली असती तर हे काहीच झालं नसतं. कागद जुना झाला तो आमच्याकडे नाही, तुमच्या टेबलावर झाला.

तर माझी मागणी अशी की अर्जाची तारीख २३ जानेवारी धरा, किंमत त्याच दिवसाची धरा, आणि आजीच्या एनओसीसकट तोच सेट मान्य करून आईच्या नावाने लेटर ऑफ कन्फर्मेशन द्या, आम्ही त्यावरून शेअर्स मुदतीत डिमॅट करून घेऊ. वडिलांचा थकलेला डिव्हिडंड पण आईच्या खात्यावर सोडा, कारण सलग ७ वर्षं डिव्हिडंड घेतला गेला नाही तर शेअर्सच सरकारच्या आयईपीएफ फंडात जातात आणि तिथून सोडवणं ही वेगळीच लढाई आहे, ती मला माझ्या आईवर आणायची नाही. आणि नकार द्यायचा असेल तर कारण आणि नियमाचं कलम लिहून लेखी द्या, म्हणजे कंपनी कायद्याच्या कलम ५८ प्रमाणे ट्रिब्युनलकडे अपील करता येईल.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर नाही आलं तर मी सेबीच्या स्कोअर्सवर तक्रार टाकणार आहे, तिथे नाही झालं तर ऑनलाइन डिस्प्युट रिझोल्यूशनला जाणार. तिन्ही पत्रांच्या कॉपी, पोस्टाची पोच आणि आजीचा मृत्यूचा दाखला सोबत जोडलाय. फोन करायचा असेल तर कृपया मलाच करा, आईला नको, तुमच्या हेल्पलाइनचा फोन आला की ती दिवसभर जेवत नाही.

आपली,
कै. शेअरहोल्डर यांची मुलगी
(आईच्या वतीने)