स्टेजिंग लाइव्ह करताना पुसल्या गेलेल्या ऑर्डरींबाबत तक्रार

दि. २२ एप्रिल २०२५

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
होस्टिंग विभाग

विषय : पॅनेलमधील ‘स्टेजिंग लाइव्ह करा’ या बटणामुळे दुकानाच्या ऑर्डरी पुसल्या गेल्याबद्दल, आणि सर्व्हरवरील नोंदी तातडीने राखून ठेवण्याबद्दल

महोदय,

देवगडहून हापूसच्या पेट्या घरपोच पाठवणाऱ्या आमच्या दुकानाची वेबसाइट आपल्या होस्टिंगवर आहे. साइट वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर चालते. आपल्या योजनेत स्टेजिंगची, म्हणजे साइटची वेगळी प्रत काढून बदल आधी तिच्यावर तपासण्याची सोय आहे, म्हणूनच आम्ही ती योजना घेतली. ऐन हंगामात चालू दुकानावर प्रयोग करणे कोणाही विक्रेत्याला परवडत नाही.

या वेळी पिनकोडप्रमाणे पोच-शुल्क लावायचे होते. गुरुवारी १७ एप्रिलला सकाळी आपल्या पॅनेलमधून साइटची स्टेजिंग प्रत काढली. तिच्यावर नवे प्लगइन बसवले, मुंबई, पुणे आणि बाकीचा महाराष्ट्र असे विभाग आखले, खोट्या ऑर्डरी टाकून शुल्क नीट लागते का ते पाहिले. रविवारी २० तारखेला दुपारी चारच्या सुमारास ‘स्टेजिंग लाइव्ह करा’ हे बटण दाबले. पॅनेलने एकच प्रश्न विचारला : “पुढे जायचे का?” फाइली पाठवायच्या की डेटाबेसही, डेटाबेसमधली कोणती टेबले, असा कोणताही पर्याय तिथे नव्हता. लाइव्हवरचा डेटा पुसला जाईल अशी सूचनाही नव्हती.

पोच-शुल्क बरोबर लागू लागले. पण गुरुवार सकाळपासून रविवार दुपारपर्यंत आलेल्या साठेक ऑर्डरी साइटवरून नाहीशा झाल्या. विकल्या गेलेल्या पेट्या शिल्लक साठ्यात परत दिसू लागल्या आणि त्यांवर नव्या ऑर्डरी येऊ लागल्या. त्या तीन दिवसांत नोंदणी केलेल्या ग्राहकांची खातीही गेली.

सोमवारी सकाळी ठाण्याच्या एका ताईंचा फोन आला. अक्षय्य तृतीयेला पेटी हवी म्हणून त्यांनी शनिवारी पैसे भरले होते. त्यांच्या मेलमध्ये ऑर्डर क्रमांक होता ७३१८. साइटवर ७३१८ उघडली तर तिच्यावर नाव नाशिकच्या दुसऱ्याच ग्राहकाचे, तारीख रविवार संध्याकाळची. कारण उघड आहे. वर्डप्रेस पुढचा क्रमांक डेटाबेसमधल्या शेवटच्या नोंदीवरून देतो. आपण लाइव्हवर गुरुवारचा डेटाबेस ओतलात, म्हणून मोजणी मागे गेली आणि वाटून झालेले क्रमांक पुन्हा वाटले गेले. पेमेंट गेटवेच्या नोंदीत आता एकाच ऑर्डर क्रमांकापुढे दोन वेगळ्या माणसांचे पैसे दिसतात. परतावा द्यायचा झाला तर तो कोणाचा, हे प्रत्येक वेळी मेल आणि रक्कम ताडून ठरवावे लागते.

आपल्या प्रतिनिधीने लेखी उत्तर दिले की स्टेजिंग लाइव्ह केल्यावर लाइव्ह साइट हुबेहूब स्टेजिंगसारखी होते, त्यामुळे यात बिघाड काहीच नाही. हे उत्तर मला मान्य नाही. माहितीपत्रकासारख्या साइटला ते चालेल, कारण प्रत काढल्यावर तिथे मालकाशिवाय कोणी काही लिहीत नाही. दुकानात ग्राहक दर तासाला डेटाबेसमध्ये लिहीत असतात. तिथे प्लगइन आणि थीमच्या फाइली स्टेजिंगकडून लाइव्हकडे जाव्यात आणि ऑर्डरींचा डेटा फक्त लाइव्हकडून स्टेजिंगकडे यावा. उलट दिशेने तो कधीच जाता कामा नये.

आणि हे करणे अवघड नाही. वूकॉमर्सचे पोच-विभाग `wp_woocommerce_shipping_zones` आणि त्याच्या जोडीच्या दोन टेबलांत असतात, दर `wp_options` मध्ये. आमच्या साइटवर ऑर्डरी `wp_wc_orders`, `wp_wc_order_addresses` वगैरे वेगळ्या टेबलांत आहेत. म्हणजे मी केलेल्या बदलाचा आणि पुसल्या गेलेल्या नोंदींचा एकमेकांशी संबंधच नव्हता. बटणाने फक्त फाइली नेल्या असत्या, तर तीन विभाग आणि त्यांचे दर लाइव्हवर हाताने भरायला मला अर्धा तासही लागला नसता. पॅनेलने टेबले निवडू दिली असती, तरी `wp_options` वगळून विभागांची टेबले नेता आली असती. `wp_options` वगळावेच लागते, कारण साइटचा पत्ता आणि इतर सगळी सेटिंग्ज त्यातच असतात.

आता सर्वांत तातडीची गोष्ट. आपला रोजचा बॅकअप पहाटे दोनला होतो. आपल्या प्रतिनिधीने रविवार पहाटेचा बॅकअप थेट लाइव्हवर चढवण्याची तयारी दाखवली. कृपया तसे करू नका. त्याने रविवारनंतरच्या ऑर्डरी जातील, आणि रविवारी पहाटे दोन ते दुपारी चार या वेळातल्या तरीही परत येणार नाहीत. तो बॅकअप एका वेगळ्या, रिकाम्या डेटाबेसमध्ये उघडून आम्हाला वाचण्यापुरता द्या. त्यातल्या ऑर्डरी आम्ही नव्या क्रमांकांनी लाइव्हवर घालू, जुना क्रमांक टीप म्हणून ठेवू. क्रमांक दोनदा वाटले गेल्यामुळे टेबले सरळ एकमेकांत मिसळता येणार नाहीत.

मधल्या चौदा तासांसाठी आपल्या डेटाबेस सर्व्हरचा बायनरी लॉग लागेल. तो चालू असेल तर बटण दाबण्याच्या क्षणापर्यंतची प्रत्येक नोंद त्यात असणार. पण या लॉगच्या फाइली ठरलेल्या मुदतीनंतर आपोआप पुसल्या जातात. म्हणून १७ ते २० एप्रिलच्या फाइली आजच बाजूला काढून ठेवा, आणि लॉग चालूच नव्हता तर तसे लेखी कळवा. तोपर्यंत आम्ही ‘नवी ऑर्डर’ या मेलमधून पत्ते उतरवून घेत आहोत. गेटवेच्या यादीत फक्त आगाऊ पैसे भरलेले ग्राहक आहेत. पोच झाल्यावर रोख देणाऱ्यांचा मेलशिवाय कुठेच मागमूस नाही, आणि एखादा मेल स्पॅममध्ये जाऊन पुसला गेला असेल तर तो ग्राहक पेटीची वाट पाहत राहणार. अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला आहे. फळ अढीत घालून पेटी वेळेवर पोचवायची तर पत्ते या आठवड्यातच हातात हवेत.

आणखी एक गोष्ट याच सोयीतली. स्टेजिंगची प्रत काढताना लाइव्हवर रांगेत असलेले मेलही प्रतीसोबत गेले आणि तिथूनही सुटले. काही ग्राहकांना अर्धवट राहिलेल्या खरेदीची आठवण दोनदा गेली, दुसऱ्या मेलमधला दुवा स्टेजिंगच्या पत्त्यावर नेणारा. स्टेजिंगवरून बाहेर जाणारे मेल सर्व्हरवरच अडवायला हवेत. शिवाय प्रतीच्या `wp-config.php` मध्ये ही एक ओळही नव्हती :

```
define( 'WP_ENVIRONMENT_TYPE', 'staging' );
```

ती नसेल तर वर्डप्रेस स्वतःला लाइव्हच समजते, आणि ही खूण पाहून थांबणारी प्लगइनेही थांबत नाहीत. वर्डप्रेसमध्ये ही सोय २०२० पासून आहे.

आमच्या मागण्या अशा : बॅकअप वेगळ्या डेटाबेसमध्ये आणि बायनरी लॉग उद्या संध्याकाळपर्यंत मिळावा. बटण दाबल्यावर काहीही पुसण्याआधी लाइव्ह डेटाबेसची प्रत आपोआप काढली जावी, आणि ‘फक्त फाइली’ हा पर्याय आधीच निवडलेला असावा. हे होईपर्यंत वूकॉमर्स असलेल्या साइटवर ते बटण बंद ठेवा. आपल्याकडे अशी दुकाने आणखीही असतील आणि त्यांचाही हंगाम चालू असेल.

पॅनेलच्या पडद्याचे चित्र, आपल्या प्रतिनिधीचे उत्तर आणि क्रमांक ७३१८ च्या दोन्ही ऑर्डरींचे मेल ग्राहकांची नावे झाकून सोबत जोडले आहेत. उत्तर लेखी द्यावे.

आपला,
दुकानाच्या वेबसाइटचा व्यवस्थापक
देवगड, जि. सिंधुदुर्ग