आईच्या पुढच्या दिवसांविषयी तिच्या डॉक्टरांना पत्र

कर्वेनगर, पुणे

आदरणीय डॉक्टर,

सादर नमस्कार.

शनिवारी आईला घेऊन ओपीडीत येऊ तेव्हा बाहेर बसलेली गर्दी पाहून मी निम्मे प्रश्न मनातच ठेवीन, म्हणून आधी लिहून पाठवतो आहे. हे पत्र आईला वाचून दाखवले आहे. तिने दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली, ती केली आहे.

तिच्या फुप्फुसांच्या फायब्रोसिसबद्दल तुम्हाला वेगळे सांगायला नको. घरी काय दिसते तेवढे सांगतो. गेल्या दिवाळीत ती जिना उतरून देवळात जात होती. संक्रांतीनंतर रात्री ऑक्सिजन लागू लागला. आता बसल्या जागी चार लिटरवर ऑक्सिमीटर ८९ दाखवतो आणि बाथरूमपर्यंत जाऊन आले की ७६ वर येतो. वजन ५२ किलोवरून ४३ वर आले आहे. आडवे पडले की धाप लागते, म्हणून ती टेबलावर उशी ठेवून तिच्यावर डोके टेकते आणि तशीच डुलकी काढते. बोलताना दर तीन-चार शब्दांनी थांबते. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईचे वाक्य असे मधेच तुटलेले ऐकणे मला सगळ्यात जड जाते.

माझा पहिला प्रश्न वेळेचा आहे. आजवर तुम्ही आमच्यावरच्या मायेपोटी ‘बघू या’ म्हणत आलात आणि त्या शब्दाने आम्हाला धीरही दिला, पण आता तो पुरत नाही. मला तारीख नको आहे. आईचा उरलेला काळ तुम्ही महिन्यांत मोजता, आठवड्यांत की दिवसांत, एवढेच सांगा. तेही अवघड वाटत असेल, तर पुढच्या सहा महिन्यांत ती गेली तर तुम्हाला आश्चर्य वाटेल का, याचे उत्तर द्या. नागपूरच्या ताईला रजा आत्ता घ्यायची की मे महिन्यात, हे त्यावर ठरेल. काही गोष्टी आईला स्वतःच्या हाताने वाटून द्यायच्या आहेत, त्याही त्यावरच अवलंबून आहेत.

दुसरा प्रश्न व्हेंटिलेटरचा. इथे आमचा निर्णय झाला आहे आणि तो मुळात आईचा आहे: आजार त्याच्या वाटेने वाढत जाऊन श्वास अपुरा पडू लागला, तर घशात नळी घालायची नाही आणि तिला आयसीयूत हलवायचे नाही. बाबांच्या वेळी तुम्हीच होतात, त्यामुळे ती असे का म्हणते हे तुम्हाला ठाऊक आहे. तरीही मी कारण लिहितो, कारण उद्या नातेवाईक मलाच विचारतील आणि माझी समजूत चुकीची असेल तर तुम्ही ती आजच दुरुस्त करावी. धडधाकट फुप्फुसाला न्यूमोनिया झाला तर व्हेंटिलेटर ते बरे होईपर्यंतचा वेळ मिळवून देतो. आईच्या फुप्फुसात जो व्रण धरला आहे तो भरून येणारा नाही, त्यामुळे मशीन लावून मिळालेल्या वेळात बरे व्हायला काहीच उरत नाही, आणि अशा रुग्णांपैकी फार थोडे त्या नळीतून सुटून घरी येतात. पैशाचा किंवा आमच्या दमण्याचा यात काही संबंध नाही, हे कृपया ताईलाही तुमच्या तोंडून सांगा. माझ्याकडून ऐकताना तिला ते टोचते. प्रत्यारोपणाचा विषय वयामुळे मिटला आहे, हेही तिला तुम्हीच सांगितले तर बरे.

पण प्रत्येक बिघाड म्हणजे शेवटच, असे मानून तिला नुसते बसवून ठेवणेही मला मान्य नाही. ताप आला, कफाचा रंग बदलला, एक्स-रेत नवा डाग दिसला, तर तो संसर्ग असू शकतो आणि त्यावर अँटिबायोटिकचा उपाय आहे. अशा वेळी तिला वॉर्डात दाखल करून, लागला तर हाय फ्लो ऑक्सिजन देऊन, ४८ ते ७२ तास पूर्ण उपचार करावेत; तेवढ्यात ऑक्सिजनची गरज कमी होऊ लागली नाही, तर तिथेच थांबून सारा भर तिच्या आरामावर द्यावा, असे आधीच ठरवता येईल का? बायपॅपचा घट्ट मास्क मात्र तिला नको आहे. तो लावल्यावर ना बोलता येते, ना खाता येते. ‘मला बोलता आलं पाहिजे आणि मेतकूट-भाताची चव कळली पाहिजे,’ हे तिचे शब्द आहेत. उपचारांचे ध्येय म्हणून केसपेपरवर हेच वाक्य लिहावे, अशी माझी विनंती आहे.

तिसरा प्रश्न मला झोपू देत नाही. रात्री दोन वाजता धाप वाढली तर मी नेमके काय करायचे? घाबरून १०८ ला फोन केला, तर येणारी माणसे त्यांच्या कर्तव्यानुसार तिला वाचवण्याचीच धडपड करणार, आणि लिफ्ट नसलेल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून तिला खुर्चीत बसवून खाली न्यावे लागेल. मॉर्फिनच्या दहा मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग, असे मागे तुम्ही म्हणाला होतात. थोड्या मात्रेत ते श्वासाची तगमग कमी करते, श्वास बंद पाडत नाही, हे मला पटले आहे. आईला मात्र ते नाव ऐकूनच सगळे संपल्यासारखे वाटते. शनिवारी तुम्ही तिला ते नीट समजावून सांगा. पहिली मात्रा किती, किती तासांनी पुन्हा द्यायची, त्याने होणाऱ्या बद्धकोष्ठतेसाठी सोबत कोणते औषध, आणि पुरे पडले नाही तर कोणाला फोन करायचा, हे एका कागदावर तुमच्या सहीने हवे आहे.

बाकी तिची सोय चोख आहे, तुम्ही काळजी करू नका. कॉन्सन्ट्रेटर दहा लिटरचा घेतला आहे. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तरी अडत नाही. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७००० लिटर असतात, म्हणजे चार लिटरने २९ तास निघतात. तोंडावर वारा येईल असा छोटा पंखा ठेवल्यापासून तिला खरोखरच बरे वाटते. नळीने नाक कोरडे पडते म्हणून बाटलीत डिस्टिल्ड वॉटर घालतो. लहानपणी मला डांग्या खोकला झाला होता, तेव्हा ती रात्रभर माझ्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत बसायची, असे आजी सांगायची. आता मी तिचे मोजतो, मिनिटाला ३२ भरतात. ती झोपली आहे असे मला वाटते आणि ती डोळे मिटूनच म्हणते, ‘झोप आता, बाळा.’

कागदपत्रांचे एक राहिले. आई शुद्धीत आहे, तिचा नकार ती स्वतः देऊ शकते. तिचे भान हरपले तर अडायला नको, म्हणून आम्ही तिचे लिव्हिंग विल करतो आहोत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. तरी इस्पितळात उपचार थांबवण्याआधी दोन वैद्यकीय मंडळांची संमती लागते, हे वाचून मी धास्तावलो. नळी एकदा घातली की काढणे इतके लांबते. म्हणूनच ती घालू नये, हे तुमच्या हाताने आधी लिहिलेले असणे मला फार मोलाचे वाटते. एक प्रत तुमच्या फाइलसाठी आणतो.

आता थोडे हक्काने सांगतो, राग मानू नका. शनिवारी माझ्याशी बोलू नका, तिच्याशी बोला. खुर्ची तिच्याजवळ ओढून घ्या, कारण तिला आता मोठ्याने बोलता येत नाही. तिचे वाक्य तुटले तर ते पूर्ण करायला जाऊ नका, थांबा. आणि तिने सरळ विचारले, तर सरळ सांगा. ती रडली तर मी आहे.

शेवटचा नंबर दिलात तर अर्धा तास निवांत मिळेल. जिना चढणे-उतरणे तिला झेपणार नाही असे वाटत असेल, तर घरी याल का, एवढे शुक्रवारपर्यंत कळवावे. तुमची व्हिजिट फी आणि गाडी, दोन्हींची व्यवस्था मी करीन.

आपला नम्र,
आईचा मुलगा