औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, येणाऱ्या आमच्या आजींना

ती. आजींना साष्टांग नमस्कार,

तोंडावर आभार मानायला गेले तर तुम्ही "पुरे गं" म्हणून उठून जाल, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

एकादशीच्या खिचडीचं सामान मी आणलं. बिल झालं १,९०५. गेल्या खेपेला त्याच दुकानात, त्याच भावाने, तेवढंच सामान १,८१५ला आलं होतं. मग काय, मंडळात कुजबुज सुरू. बिलाचा फोटो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरला. दोघातिघांनी कॅल्क्युलेटरवर शेवटचा रकाना बेरजेला घेतला: साबुदाणा ४८०, शेंगदाणे ५४५, वरई २४०, तूप ६४०. बेरीज चोख! म्हणजे दुकानदार बरोबर आणि माझ्याच पिशवीत घरचं काहीतरी घुसलेलं. तोंडावर कोणी म्हटलं नाही, पण नजरा कळतात हो. इतकी हुशार माणसं, पण वजन आणि भाव एकानेही वाचला नाही.

तुम्ही फोटो बोटांनी मोठा केलात. "शेंगदाणे साडेतीन किलो, भाव एकशेतीस. अगं, चार किलो घेतले असते तरी पाचशेवीसच झाले असते. मग साडेतीनचे पाचशेपंचेचाळीस कसे?" मग पुटपुटलात, "तेरा औट साडेपंचेचाळीस," म्हणजे तेराची साडेतीनपट साडेपंचेचाळीस, तर एकशेतीसची ४५५. तरी तेवढ्यावर थांबला नाहीत. तीन किलोचे ३९०, अर्ध्याचे ६५, असं पुन्हा ताडून पाहिलंत. ४५५ चे ५४५ झाले होते, आणि बेरीज त्या चुकीच्या आकड्यावरच मारलेली, ती जुळणारच. फरक नव्वदाचा. "नऊच्या पाढ्यातला फरक आला की आधी अंक उलटे पडलेत का बघावं," म्हणालात, "दर वेळी तेच असेल असं नाही, पण बघावं."

खरं सांगू? हिशेबापेक्षा मला दुसरंच आठवतं. उजव्या हाताच्या पेरांवर तुमचा अंगठा फिरत होता आणि डाव्या हाताने तुम्ही माझं मनगट धरून ठेवलं होतंत. चूक अजून सापडलीही नव्हती तेव्हापासून. मी चोर नाही हे तुम्ही आकडे बघायच्या आधीच ठरवलं होतंत. बाकीच्यांनी मात्र आकड्यांची वाट पाहिली, आणि आकडे सुटल्यावर "बरं झालं" म्हणून चहा मागवला. माफीचा शब्द नाही.

आणि दुकानदाराला तरी कुठे लबाड म्हणालात? "गर्दी असते, हात घाईत चालतो," एवढंच. त्यानेही मान डोलावून नव्वद रुपये परत दिले. माणसाची अब्रू न घालवता चूक दाखवता येते, हे हल्ली फार कमी जणांना जमतं.

पुढच्या एकादशीचं बिल दुकानातूनच तुम्हाला पाठवते. आणि आमच्या चिरंजीवांना संध्याकाळी औटकी शिकायला बसवाल का? खाऊ मी पाठवीन.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची सूनबाई