वय उमेदवाराचे वाढते, उशीर शासनाचा असतो

मा. मुख्यमंत्री महोदय,

सामान्य प्रशासन विभाग आपल्याकडे आहे, म्हणून हे पत्र लोकसेवा आयोगाला न लिहिता आपल्याला लिहिते आहे. पुण्यात नवी पेठेत मी एक अभ्यासिका चालवते. त्याआधी सहा वर्षे मी स्वतः परीक्षा देत होते. वयोमर्यादेचा विषय निघाला की मुलांची मागणी एकच असते, वय वाढवा. ती मागणी घेऊन मी आलेले नाही. वय कोणत्या तारखेला मोजायचे, एवढाच माझा प्रश्न आहे.

गट-ब ची गोष्ट घ्या. पोलीस उपनिरीक्षक पदासाठी खुल्या प्रवर्गाची कमाल मर्यादा 31 वर्षे आणि मागासवर्गीयांची 34. अराजपत्रित गट-ब आणि गट-क ची संयुक्त जाहिरात जानेवारी 2023 मध्ये आली. 8169 पदांची होती ती, सगळी पेठ तेव्हा जागी होती. त्यानंतरची गट-ब ची जाहिरात आली ऑक्टोबर 2024 मध्ये. मधल्या एकवीस महिन्यांत एकही नाही.

माझ्याकडे खिडकीजवळच्या टेबलावर एक मुलगा बसायचा. मराठवाड्यातला, खुल्या प्रवर्गातला, जन्म जून 1993 चा. टेबलाच्या कडेला त्याने एक कागद चिकटवला होता. सकाळी ग्राऊंड, दुपारी राज्यव्यवस्था, रात्री अंकगणित असे तासांचे रकाने, आणि खाली पेन्सिलीने लिहिलेले, ‘शेवटचे वर्ष’. जाहिरात आदल्या वर्षीसारखी जानेवारी 2024 मध्ये आली असती तर तो तीस वर्षे सात महिन्यांचा असता, आत बसला असता. ती ऑक्टोबरात आली तेव्हा तो एकतीस वर्षे चार महिन्यांचा होता. त्याने त्या वर्षात काहीच चुकवले नव्हते. एक पेपर कमी सोडवला, एक दिवस धावायला गेला नाही, असेही नव्हते. तरीही जाहिरातीतले वयाचे कलम वाचून त्याने टेबल सोडले, पुस्तके अप्पा बळवंत चौकात विकली आणि गावी गेला. कागद मात्र काढला नाही, तो मी काढला.

मग 20 डिसेंबर 2024 चा शासन निर्णय आला. वय ओलांडलेल्यांना एक वर्षाची सवलत, एकदाच. तो निर्णय चांगल्या हेतूने झाला यात शंका नाही. पण त्याचे काय झाले ते अभ्यासिकेतून पाहिलेले सांगते. तो मुलगा परत पात्र ठरला, अडीच महिन्यांच्या खंडानंतर. पुस्तके नव्हती, ग्राऊंड सुटले होते, वडिलांना ‘आता शेतीच बघतो’ असे सांगून झाले होते. तो आला, अर्ज भरला, पूर्व परीक्षा दिली आणि थोडक्यात राहिला. नवीन अर्ज घ्यायचे म्हणून 5 जानेवारीला ठरलेली पूर्व परीक्षा 2 फेब्रुवारी 2025 वर गेली. म्हणजे जे आधीपासून पात्र होते, त्यांनी आखलेले वेळापत्रकही मोडले. आणि राज्यसेवेची पूर्व तर त्या निर्णयाच्या एकोणीस दिवस आधी, 1 डिसेंबरला होऊन गेली होती. 28 एप्रिलला ठरलेली ती परीक्षा, पुढे पुढे जात तिथे पोहोचली होती.

हे पहिल्यांदा घडले असेही नाही. करोनानंतर डिसेंबर 2021 मध्ये एक सवलत झाली, मार्च 2023 मध्ये दोन वर्षांची दुसरी, मग ही तिसरी. प्रत्येक वेळी मुले रस्त्यावर येतात, निवेदने जातात, बैठक होते, निर्णय येतो, अर्जाची खिडकी पुन्हा उघडते, परीक्षा सरकते. त्या सरकण्याने आणखी काही जणांची मर्यादा ओलांडते आणि पुढच्या सवलतीची मागणी तिथेच सुरू होते. सवलतीनेच सवलतीची गरज तयार होते, महोदय.

उशीर कुठे होतो तेही आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. विभाग रिक्त पदे काढतो, आरक्षणाची बिंदुनामावली तपासून घेतो, मग मागणीपत्र आयोगाकडे जाते. मागणीपत्र आले नाही तर आयोगाला जाहिरात काढता येत नाही, आणि स्वतःच्या संभाव्य वेळापत्रकात आयोग दरवर्षी तेच बजावून सांगतो. 2024 मध्ये सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्गाच्या आरक्षणाचा कायदा झाल्यावर पदांचे आरक्षण नव्याने मांडावे लागले. त्यासाठी वेळ लागणारच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या वेळेचा हिशोब उमेदवाराच्या वयात का जोडायचा?

केंद्रीय लोकसेवा आयोगाकडे पाहा. नागरी सेवेला खुल्या प्रवर्गाची मर्यादा 32 वर्षांचीच आहे, आपल्या राज्यसेवेच्या 38 पेक्षा सहा वर्षांनी कमी. तरी तिथे वयावरून असा आकांत होत नाही, कारण वय दरवर्षी 1 ऑगस्टला मोजतात आणि परीक्षेचे वेळापत्रक वर्षभर आधी हातात असते. बत्तिशीला बाहेर पडायचे हे पंचविशीतच ठाऊक असते. आपल्याकडे 2016 मध्ये मर्यादा 33 वरून 38 केली. वाट पाहण्याची वर्षे त्याने वाढली, अनिश्चितता तेवढीच राहिली. म्हणून वय 40 करा, 45 करा या मागणीला माझा विरोध आहे. हे वाचून माझ्याच अभ्यासिकेतली काही मुले रागावतील, रागावू देत. छत्तिशीतल्या माणसाला आणखी पाच वर्षे टेबलाशी बांधून ठेवणे हा मला उपकार वाटत नाही.

मागणी अशी आहे. जाहिरात कोणत्याही महिन्यात येवो, वय त्या परीक्षेच्या वर्षाच्या 1 जानेवारीला मोजावे. आणि एखाद्या वर्षी त्या सेवेची जाहिरातच निघाली नाही, तर पुढच्या जाहिरातीत ते वर्ष उमेदवाराच्या वयातून आपोआप वजा व्हावे. कोणाला मोर्चा काढावा लागू नये, कोणाला निवेदन द्यावे लागू नये, अर्जाची खिडकी दुसऱ्यांदा उघडावी लागू नये. हे सेवाप्रवेश नियमांत बसवावे लागेल आणि ते नियम शासन करते, आयोग नाही.

उपनिरीक्षक तरुणच हवा, असे गृह विभाग म्हणेल. बरोबर आहे. 31 ची मर्यादा तशीच राहू द्या. वाढ मिळेल ती फक्त शासनाने लावलेल्या उशिराएवढी, एका महिन्यानेही जास्त नाही, आणि मैदानी चाचणी सगळ्यांना सारखीच आहे. लहान वयाची मुले म्हणतील की स्पर्धक वाढले. पण जाहिरात वेळेवर आली असती तर हेच स्पर्धक त्यांच्या शेजारी बसलेच असते. 2024 च्या त्या जाहिरातीत उपनिरीक्षकाची पदे 216 होती. त्यांच्यासाठी कोण लढणार हे मागणीपत्राच्या तारखेवर ठरू नये.

राज्यसेवेच्या वर्णनात्मक मुख्य परीक्षेबद्दल एकच वाक्य लिहिते. 2025 पासून नऊ पेपर आणि 1750 गुण झाले, ते मला मान्य आहे, पण ज्यांचा शेवटचा प्रयत्न हाच पहिला वर्णनात्मक प्रयत्न आहे त्यांच्यासाठी तरी जाहिरातीची तारीख चुकवू नका.

खिडकीजवळच्या त्या टेबलावर आता सोलापूर जिल्ह्यातली एक मुलगी बसते. तीही खुल्या प्रवर्गातली, तीही उपनिरीक्षक पदासाठीच. ऑगस्टमध्ये तिला एकतीस पूर्ण होतील. जाहिरात कधी येईल, असे ती मला दर आठवड्याला विचारते. या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही, आपल्याकडे आहे. ते लेखी द्यावे, ही विनंती.

आपली नम्र,
नवी पेठेतील एका अभ्यासिकेची चालक, पुणे